व्हॉलंटियर पोरांचं ट्रेनिंग: आधी तीन सेकंद गप्प बसायची प्रॅक्टिस

ताई, आमच्या समाजकेंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास वाचन आणि खेळ क्लब चालतो. मुलं साधारण २५, वय ५ ते १०. क्लब चालवणारे ११ जण आहेत, सगळे १६ ते २० वयाचे, आणि त्यांचं सगळं मी बघते. पोरं अगदी मनापासून येतात पण पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत अर्धी मुलं उठून जातात, आणि खेळ सुरू झाला की आरडाओरडा नाहीतर रडारड. मागच्या महिन्यात मी तीन तासांचं ट्रेनिंग ठेवलं, बालमानसशास्त्रावर प्रेझेंटेशन केलं, पोरांनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं, फरक मात्र काहीच नाही. ट्रेनिंगमध्ये नक्की काय घेऊ?

अगं, प्रेझेंटेशन आता बाजूलाच ठेव. वही भरली म्हणून हात बसत नाही, सायकल शिकवताना आपण कुठे वही देतो. तुझी पोरं सतरा-अठरा वर्षांची आहेत, त्यांनी आजवर मुलांसमोर उभी राहणारी जेवढी मोठी माणसं बघितली त्यातली बहुतेक प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणारी, तर पोरंही तेच करतात, मुद्दाम नाही करत, त्यांना दुसरं काही माहीतच नाही. म्हणून मी तुझ्या जागी असते तर पहिल्या ट्रेनिंगला एकच गोष्ट घेतली असती, ती म्हणजे थांबणं. प्रश्न विचारून थांबणं, मूल शब्दाशी अडखळलं की थांबणं, आणि खेळ समजावताना लवकर थांबणं. ऐकायला फारच साधं वाटतं पण उत्साही पोरांना ह्याच्याइतकं अवघड काही नसतं, दोन सेकंद शांतता पडली की त्यांना वाटतं आपण कमी पडतोय आणि ती भरून काढायला ती बोलत सुटतात.

हे माझ्या मनाचं नाही बरं का. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं टेप करून मोजलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग प्रश्न फिरवून विचारतात, दुसऱ्याकडे वळतात नाहीतर उत्तर देऊन टाकतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. दोन सेकंदांचा फरक आहे फक्त. पण तो सांगून येत नाही गं, घडवून घ्यावा लागतो.

कसा घडवायचा ते सांगते. दीड तास काढ, त्याहून जास्त नको. सुरुवातीला तू स्वतः एक चित्रांचं पुस्तक घेऊन पोरांना दहा मिनिटं वाचून दाखव, ती मुलं झालीयेत असं समजून, आणि काही समजावू नकोस, फक्त वाच. मग त्यांचे तिघातिघांचे गट कर, अकरा जण आहेत तर एक गट दोघांचा राहील, त्यात तू जा. एकजण वाचणार, एकजण सहा वर्षांचं मूल होणार, आणि तिसरा निरीक्षक. निरीक्षकाला एकच काम: वाचणाऱ्याने प्रश्न विचारला की मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" मोजायचं, आणि तीनच्या आत वाचणारा परत बोलला तर कागदावर एक रेघ मारायची. पाच मिनिटं वाचन, दोन मिनिटं बोलणं, मग भूमिका बदलायच्या. तिघांचे तीन फेरे झाले की साधारण पंचवीस मिनिटं जातात. मग थोडा ब्रेक आणि परत तेच, पुस्तक बदलून. दुसऱ्या वेळेला रेघा निम्म्यावर येतात हे मी कितीतरी वेळा बघितलंय, कारण आपल्या नावावर सात रेघा बघितल्या की पोरं हसतात आणि मग हट्टाला पेटतात.

निरीक्षकाने "छान वाचलंस" म्हणायचं नाही, हा नियम कडक ठेव. दिसलं तेवढंच सांगायचं, म्हणजे "तू पाच प्रश्न विचारलेस, त्यातल्या चारांची उत्तरं तूच दिलीस" किंवा "पुस्तक तुझ्याकडे वळलेलं होतं, मला चित्र दिसतच नव्हतं." मित्रमैत्रिणी एकमेकांना चांगलंच म्हणतात, त्याने कोणी सुधारत नाही, आणि चूक काढली तर रुसतात. जे दिसलं ते सांगितलं की दोन्ही टळतं.

आता थांबायचं हे ठरलं, पण कुठल्या प्रश्नानंतर? इथे जरा खोलात जाते कारण तुझी मुलं उठून जाण्याचं मूळ बहुतेक इथेच असणार. पोरं पुस्तक घेतात आणि परीक्षा घेतात, "हे काय आहे? कुठला रंग आहे? किती आहेत?" मूल एका शब्दात उत्तर देतं, पोरगं "बरोबर" म्हणतं, खेळ खल्लास. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मुलांबरोबर संवाद करत वाचायची एक पद्धत मांडली, त्यात चार पायऱ्या आहेत, मी पोरांना त्या चार क्रियापदांत सांगते: विचार, दाद दे, वाढव, म्हणवून घे. मुलाला बोलतं करणारं काहीतरी विचारायचं, त्याने जे म्हटलं त्याला दाद द्यायची, त्यात आपले दोन-तीन शब्द घालून ते वाढवायचं, आणि मग त्या वाढवलेल्या वाक्याचा काही भाग मुलाकडून सहज येऊ द्यायचा.

समज चित्र असं आहे: पाऊस पडतोय, बाकाखाली कुत्र्याचं एक पिल्लू बसलंय, आणि लांबून छत्री घेतलेली मुलगी येतेय. पोरगं विचारतं "हे काय आहे?", मूल म्हणतं "कुत्रा", संपलं. त्याऐवजी "इथे काय चाललंय?" असं विचारायचं आणि गप्प राहायचं. एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. मूल म्हणतं "घाबरलंय." "हो, घाबरलंय ना! पावसाला घाबरून बाकाखाली लपलंय. कुठे लपलंय?" "बाकाखाली लपलंय." आणि मग बऱ्याचदा मूल स्वतःहूनच पुढे जातं, "ती ताई त्याला छत्री देणार." बघ, पानावर छापलेली ओळ अजून वाचलेलीही नाही आणि गोष्ट सुरू झाली. ट्रेनिंगमध्ये हेच एक पान घेऊन प्रत्येकाकडून दोनदा करून घे, अख्खं पुस्तक लागतच नाही. फक्त प्रत्येक पानावर चारही पायऱ्या करायला लावू नकोस, गोष्टीचा जीव जातो, एका पुस्तकात चार-पाच ठिकाणं पुरेत. ती आधी निवडून तिथे चिकटपट्टीचे कागद लावून ठेवायचे, म्हणजे ऐनवेळी "आता काय विचारू" असं होत नाही.

ह्या पद्धतीची मर्यादा पण पोरांना सांगून ठेव. ती लहान मुलांसाठी, घरी आईबाबांच्या मांडीवर बसून वाचताना, अशी सुरू झाली, म्हणजे एकास एक. चार-पाच मुलांच्या गोलात ती छान चालते. पंचवीस मुलांसमोर एकाने करायला घेतली तर एक मूल बोलतं आणि चोवीस वाट बघतात, आणि वाट बघणारी मुलं उठूनच जाणार, त्यात त्यांचा काय दोष. म्हणून अकरा जण असताना एका पोराने सगळ्यांना वाचून दाखवायचं बंद कर, पाच गोल कर, प्रत्येक गोलात पाच मुलं आणि दोन व्हॉलंटियर, एकजण वाचेल आणि दुसरा मुलांमध्ये बसेल. अकरावा फिरता. कोणी परीक्षेमुळे आलं नाही तर तोच फिरता तिकडे सरकतो.

आता मोठी मुलं, म्हणजे आठ-नऊ-दहाची, जी स्वतः वाचायला लागलीयेत पण अडखळतात. त्यांच्यासाठी जोडीने वाचन शिकव, ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात रॉजर मॉर्गन यांनी ही पद्धत आणली आणि पुढे कीथ टॉपिंग यांनी त्यावर भरपूर काम केलं. मला ही पद्धत तरुण पोरांसाठी सगळ्यात आवडते कारण हिला शिक्षक असावं लागत नाही, फक्त बऱ्यापैकी वाचता यावं आणि तोंडावर ताबा हवा. पुस्तक मूल निवडतं. दोघं शेजारी बसतात, समोरासमोर नाही, आणि मोठ्याने एकत्र वाचायला लागतात, मुलाच्या वेगाने. मुलाला एकट्याने वाचावंसं वाटलं की ते पुस्तकावर टकटक करतं, ही खूण आधीच ठरवलेली असते, की व्हॉलंटियर लगेच गप्प. मूल अडखळलं किंवा चुकलं तर चार-पाच सेकंद थांबायचं, त्याला स्वतः सुधारायला वाव द्यायचा, नाहीच जमलं तर तो शब्द आपण सरळ म्हणायचा, मुलाने तो परत म्हणायचा, आणि दोघांनी पुन्हा एकत्र वाचायला लागायचं, पुढच्या टकटकीपर्यंत. "नाही", "चूक", "नीट बघ" यातलं काहीच म्हणायचं नाही, आणि शब्द फोडून "प ला र, प्र, मग का" असंही करायचं नाही, कारण तोवर वाक्याचा अर्थ मुलाच्या डोक्यातून गेलेला असतो.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात आणि दोन्ही कान देऊन ऐकलं तर ओळखता येतात. पहिली, व्हॉलंटियर पुढे पळतो. मुलाचा आवाज अर्ध्या शब्दाने मागे यायला लागला, प्रतिध्वनीसारखा, म्हणजे मूल वाचत नाहीये, ऐकून म्हणतंय. दुसरी जरा लपलेली असते, आवाज जुळतो पण मुलाची नजर पानावर नसते, पाठच झालेलं असतं किंवा ओठ बघून म्हणत असतं. उपाय सोपा, मुलालाच शब्दांखालून बोट फिरवू द्यायचं, बोट कुठे आहे ते बघितलं की कळतं. आमच्या एका क्लबात एक सतरा वर्षांची मुलगी होती, फार हुशार आणि फार भरभर बोलणारी, तिच्यासोबत एक आठ वर्षांचा मुलगा वाचायचा. मुलगा "प्रकाश" शब्दाशी अडला की ती अर्ध्या सेकंदात "प्रकाश" म्हणून मोकळी. मी तिला सांगून दमले. शेवटी तिला म्हटलं, तू मांडीवर बोटं ठेव आणि तो अडला की एकेक बोट उचल, पाच उचलल्याशिवाय बोलायचं नाही. पुढच्या वेळी तो "प…" म्हणून अडला, तिची तीन बोटं उचलली गेली, चौथं उचलता उचलता तो म्हणाला "प्रकाश!" आणि मग वर तिच्याकडे बघितलं. ती नंतर मला म्हणाली, मी आजपर्यंत त्याचे किती शब्द खाल्ले असतील. तेव्हापासून बोटं उचलणं मी ट्रेनिंगमध्येच घेते.

ट्रेनिंगमध्ये हे कसं करायचं? पोरांना अस्खलित वाचता येतं म्हणून मुलाची भूमिका खोटी वाटते. तर मूल होणाऱ्याला मजकूर उलटा धरून दे, म्हणजे डोकं खाली पाय वर, तसं वाचायला लाव. खरंच अडखळतात, खरंच चिडतात, आणि शेजारचा "अरे सोपं तर आहे" म्हणाला की किती राग येतो ते एकदा स्वतः भोगलं की "सोपं आहे" हा शब्द तोंडातून जातोच.

एक मात्र लक्षात ठेव. जोडीने वाचनाचा खरा उपयोग व्हायला ते रोज थोडं, आठवड्यातून पाचएक दिवस, निदान पाच-दहा मिनिटं आणि सात-आठ आठवडे व्हावं लागतं. तुमचा क्लब दोनच दिवस. म्हणून घरच्या कोणालातरी, आई, आजोबा, मोठी बहीण, जे वाचू शकतात त्यांना, एकदा क्लबमध्ये बोलावून दहा मिनिटं करून दाखवायला पोरांना शिकव. आणि ज्या मुलाला अक्षरओळखच नाही त्याच्यावर ही पद्धत लादू नका, त्याला चित्रांच्या गोलात बसू दे, अक्षरं शिकवणं वेगळं काम आहे आणि ते ह्या पोरांच्या गळ्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळाचं थोडक्यात सांगते, कारण तिथेही दुखणं तेच आहे. पोरं नियम समजावत बसतात, दोन मिनिटं, तीन मिनिटं, तोवर मागची मुलं एकमेकांना ढकलायला लागतात. ट्रेनिंगला प्रत्येकाकडून एक खेळ समजावून घे, अट अशी की जास्तीत जास्त चार वाक्यं आणि मग लगेच "खोटी फेरी", जिच्यात कोणी बाद होत नाही. जे कळलं नसेल ते खोट्या फेरीत कळतं. आणि खेळ सुरू करायच्या आधी थांबायची खूण दोनदा खेळून घ्यायची, हात वर किंवा टाळ्यांचा एक ठेका, खूण झाली की सगळे पुतळे. हे आधी केलं नाही तर गोंधळात ओरडून थांबवावं लागतं, आणि ओरडणारा एक आणि ओरडणारी पंचवीस, कोण जिंकणार सांग.

रडारडीबद्दल मात्र एक प्रयोग नक्की कर. पोरांनाच संगीतखुर्ची खेळायला लाव, नेहमीसारखी, बाद झाला की भिंतीला टेकून बसायचं. खेळ संपला की भिंतीकडच्यांना विचार, तुम्ही इतका वेळ काय करत होतात. कोणी मोबाईल काढलेला असतो, कोणी शेजारच्याला टपली मारत असतो, कोणी खेळणाऱ्याला पाय आडवा घालायच्या बेतात. मग सांग की सहा वर्षांचं मूल तेच करतं, आणि पहिलं बाद होणारं बहुधा सगळ्यात लहान किंवा सगळ्यात हळू असतं, म्हणजे ज्याला खेळायची सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात आधी बाहेर. मग लगेच दुसरी फेरी, खुर्ची काढायची पण मूल काढायचं नाही, उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी कसंतरी मावायचं, शेवटी दोन खुर्च्यांवर अकरा जण, फक्त खुर्च्या दणकट हव्यात, आणि लहान मुलांसोबत करताना जमिनीवर चटया घेतल्या तर आणखी बरं. यानंतर पोरांना सांग की आपल्याला येणाऱ्या तीन खेळांतून "बाद" काढून दाखवा. ती अशा युक्त्या काढतात की आपण बघत राहू.

आणि पळापळीनंतर थेट पुस्तक उघडायचं नाही. मधे तीन मिनिटं उतरण हवी: आधी संथ चालायचा खेळ, मग जागेवर उभं राहून, मग बसून बोटांचा एखादा खेळ, आवाज हळूहळू कमी करत, आणि शेवटी कुजबुजत पुस्तकाचं नाव. ही उतरण कोण घेणार ते नावानिशी ठरलेलं असू दे.

सुरक्षेचं पहिल्याच ट्रेनिंगला सांग, शेवटी घाईत नको. कोणताही व्हॉलंटियर एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, जोडीने वाचन सगळ्यांच्या नजरेसमोर, मुलांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढायचे नाहीत. एखाद्या मुलाने त्रासाबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, आणि त्याच दिवशी तुला सांगायचं. सोळा-सतराची पोरं कायद्याने स्वतःच लहान आहेत, त्यामुळे क्लब चालू असताना तू किंवा दुसरं कोणी मोठं माणूस तिथे हवंच, फोनवर नाही, तिथे.

एका ट्रेनिंगवर हे टिकणार नाही. दर वेळी मुलं यायच्या आधी वीस मिनिटं पोरांना बोलव, आज वाचायचं पुस्तक तिथेच जोडीत एकदा मोठ्याने वाचून घ्यायचं, कागद लावायचे, एक खेळ खेळून बघायचा. मुलं गेल्यावर दहा मिनिटं गोलात बसायचं आणि प्रत्येकाने एका मुलाने आज म्हटलेलं एक वाक्य सांगायचं, जसंच्या तसं. ज्याला एकही वाक्य आठवत नाही तो आज स्वतःच बोलत होता, तुला वेगळं सांगावं लागत नाही.

चार आठवड्यांनी एका संध्याकाळी कोपऱ्यात कागद घेऊन बस, एक गोल निवड आणि दहा मिनिटं मोज. मुलं बोलली की एका बाजूला रेघ, व्हॉलंटियर बोलला की दुसऱ्या बाजूला, छापलेला मजकूर वाचला तर तो मोजायचा नाही. मुलांच्या बाजूच्या रेघा निम्म्याहून कमी असतील तर तो गोल परत त्या तिघातिघांच्या प्रॅक्टिसला बसव. आकडे काय येतात ते मला कळव, मग नऊ-दहा वर्षांच्या मुलांनाच धाकट्यांसाठी वाचायला कसं बसवायचं ते पुढच्या वेळी बोलू.